भंडारा उचलून केलेली काटकसर

द्वारकाबाईंनी माझ्या हॉटेलात कधी चहा घेतला नाही. हॉटेल म्हणजे काय, फाट्यावरचं पत्र्याचं छत, चार बाकडी आणि धूर ओकणारी भट्टी. पण परतूरला जाणारी प्रत्येक जीप इथंच थांबते, त्यामुळे खडकवाडीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी माझ्या बाकड्यावर टेकतो. द्वारकाबाईही टेकायच्या. पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढायच्या, दोन घोट घ्यायच्या, टोपण घट्ट लावून परत ठेवायच्या. मी मुद्दाम त्यांच्या नाकासमोर आल्याचा चहा उकळायचो.

"वहिनी, एवढा पैसा साठवून उडायचं इमान घेता काय?" मी चिडवायचो.

"इमान न्हाई भाऊजी, पोरीला नर्स करायचीय. मंग ती पगार झाला की पाजील तुमचा चहा, मला बी अन् तुम्हाला बी."

त्यांचा नवरा कडूबा माझ्या वर्गातला. पाऊस संपला की मेंढरं घेऊन निघायचा तो महिनोन्महिने घरी नसायचा. भला माणूस, पण हातात पैसा आला की तो पैसा त्याला चावायचा. घर चालायचं ते द्वारकाबाईंच्या शिलाई मशीनवर. पुढच्या खोलीत दाराशी मशीन, भिंतीला खिळा, खिळ्याला शिवलेल्या ब्लाउजांची रांग. आजूबाजूच्या बायका त्यांच्याकडेच यायच्या, कारण ब्लाउज खांद्यावर बसायचा तो बसायचाच. शिवाय परतूरचा एक कापडवाला त्यांना परकर शिवायला द्यायचा. आठवड्याला एक गठ्ठा यायचा, एक जायचा.

बाईंची काटकसर पाहून माझ्यासारख्या कंजूष माणसालाही लाज वाटावी. कतरणीतून गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं. सणाला स्वतःसाठी नवं लुगडं नाही. त्या मशीनच्या जोरावर त्यांनी तृप्तीला जालन्यात नर्सिंगला घातलं आणि दोन वर्षं काढलीही. शेवटचं एक वर्ष राहिलं होतं. त्या वर्षाची फी भरायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात असायचं. मला या बाईचा आदर वाटायचा, आणि रागही यायचा, कारण सगळी गिऱ्हाइकं अशी निघाली तर मी काय विकू?

तर सगळीच गिऱ्हाइकं अशी निघाली.

त्याचं झालं असं. गेल्याच्या गेल्या साली गारपिटीनं गहू-हरभरा झोडपला आणि गाव घाबरलं. उपाशी कुणी राहिलं नाही, पण पुढं काय होईल याची धास्ती प्रत्येकाच्या घरात शिरली. गावात बायकांचे तीन बचत गट. द्वारकाबाई एका गटाच्या अध्यक्ष, बाकीचे दोन्ही गट त्यांच्याकडे बघून चालणारे. दसऱ्याच्या आधी तिन्ही गटांची एकत्र बैठक बिरोबाच्या देवळात भरली. हॉटेलसाठी पाणी भरायच्या निमित्तानं मी देवळाच्या पारावर होतो, म्हणून सगळं ऐकलं.

नंदाबाई नावाची एक मजुरी करणारी बाई उठून म्हणाली, "ताई, तुमच्यावर बी गारपीट झाली, पण तुमची पोरगी शाळेतून घरी न्हाई आली. तुम्ही करता ते आम्हाला बी सांगा ना."

द्वारकाबाईंनी सांगितलं. हॉटेलचा चहा नाही, सणाचं कापड नाही, बांगड्या फुटल्याशिवाय नव्या नाहीत, घरच्या हातानं होणाऱ्या कामाला मजूर नाही, कर्ज नाही. उरेल ते सगळं गटात. साधी सरळ गोष्ट होती, आणि त्यांच्या बाबतीत ती खरी होती. बायका माना डोलवायला लागल्या.

एवढ्यावर थांबतं तर चार दिवसांत विसरून गेल्या असत्या. पण गोजरबाई उठल्या. गोजरबाई गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या, देवाचा भंडारा त्यांच्या हातात. त्यांनी बिरोबापुढची हळद मुठीत घेतली आणि म्हणाल्या, "नुसतं बोलून कोण पाळतंय? भंडारा उचला. या दसऱ्यापासून त्या दसऱ्यापर्यंत."

आमच्याकडे भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. कोर्टातली शपथ मोडतील, पण ही नाही. एकेक बाई पुढं आली, हळद कपाळाला लावली, नेम घेतला. दुपटीनं बचत करायची, गटाचं कर्ज कुणी उचलायचं नाही. घरोघरच्या पुरुषांना बायकांनी रात्री धमकावलं असावं, कारण सकाळी त्यांच्याही कपाळाला हळद दिसली.

मी बोललो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "अहो, सगळ्यांनीच खर्चा बंद केला तर ज्याच्याकडं खर्चा करत होता त्यानं खायचं काय?"

"राधाकिसन, तुला तुझ्या गल्ल्याची पडलीय," गोजरबाई म्हणाल्या, आणि सगळं देऊळ हसलं. बरोबरच होतं, मला गल्ल्याचीच पडली होती. फक्त तो गल्ला माझा एकट्याचा नव्हता, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

पहिले दोन महिने गटाची पेटी फुगली. द्वारकाबाई परतूरला जाऊन बँकेत पैसे भरून यायच्या तेव्हा त्यांच्या चालीत वेगळाच ताठा असायचा. तालुक्याच्या मेळाव्यात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. त्यांनी माइकवर खडकवाडीच्या नेमाची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या आणि आजूबाजूच्या गावांनीही, कुणी भंडाऱ्यावर, कुणी गावदेवीच्या पायावर, तोच नेम घेतला. बाई परत आल्या तेव्हा ती शाल त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवली. तृप्तीच्या लग्नात कुणाला तरी पांघरवता येईल, म्हणाल्या.

इकडे माझी बाकडी रिकामी पडली. जीपवाले सोडले तर गावचा माणूस चहाला फिरकेना. मी कांताबाईकडून घरच्या म्हशीचं दूध घ्यायचो, ते निम्मं केलं. कांताबाईचा उरलेल्या दुधाचा खवा कोण घेणार, सणच बंद. तिनं पेंड कमी केली, दावणीचं शेण-पाणी करायला येणाऱ्या नंदाबाईला नको म्हणून सांगितलं. नंदाबाईला खुरपणीचीही बोलावणी येईनात, कारण ज्यांच्या शेतात ती जायची ती सगळी घरं आता आपल्याच लेकी-सुनांना घेऊन खुरपत होती. तिचे हात रिकामे, म्हणून तिच्या पोरीचा फ्रॉक शिवायचा राहिला. तो फ्रॉक शिवणार कोण होतं, तर द्वारकाबाई.

मी हे सगळं भट्टीसमोर बसून बघत होतो. गल्ला छोटा होण्याची एक सोय असते, माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. आणि पाऊस-पाण्याचा दोष म्हणावा तर त्या साली कापूस बऱ्यापैकी आला होता, मोंढ्यात भावही पडला नव्हता. देवानं काहीच काढून घेतलं नव्हतं. आम्हीच एकमेकांचं काढून घेत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण वाचवतोय.

संक्रांतीपासून द्वारकाबाईंच्या खिळ्यावर ब्लाउज दिसेनात. बायका जुन्याच ब्लाउजांची बाही उसवून घरी टाके घालायच्या. मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुमच्याच नेमानं तुमची मशीन बसली."

"दसऱ्यापर्यंत कळ काढायची भाऊजी. परकरांचा गठ्ठा हाय ना. अन् कमी आलं तर आपण आणखी आवळायचं." आणि त्यांनी आवळलं. संध्याकाळचा दिवा लवकर मालवायला लागल्या. गटाच्या बैठकीतही हेच ठरलं. हप्ता कमी पडतोय ना, मग खर्च अजून कापा. प्रत्येक घरानं अजून कापला, आणि पुढच्या महिन्यात हप्ता अजून कमी आला. होळीपर्यंत गटात महिन्याला जेवढं जमायचं ते नेमाच्या आधीपेक्षाही खाली गेलं होतं. दुप्पट भरायचं म्हणून भंडारा उचलला, आणि आधी भरत होत्या तेवढंही भरणं होईना.

पाडव्याच्या सुमारास साखर आणायला मी परतूरला निघालो तेव्हा त्याच जीपमध्ये द्वारकाबाई होत्या. मांडीवर शिवलेल्या परकरांचा गठ्ठा. बाजारात कापडवाल्याच्या दुकानापर्यंत मी तो उचलून दिला. दुकानात शेठ गादीवर बसून पेपर वाचत होता. आधी या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

त्यानं गठ्ठा मोजून घेतला, पैसे दिले आणि म्हणाला, "ताई, आता पुढचा माल न्हाई देत. मागचाच पडून हाय."

"का बरं शेठ? शिलाईत काही खोट निघाली का?"

"बिलकुल न्हाई. शिलाई एक नंबर. पण गिऱ्हाईकच न्हाई तर मी शिवून काय करू? दरसाल लग्नसराईत तुमच्या भागातल्या बाया झुंडीनं येतात. औंदा कुणी फिरकून न्हाई राह्यलं."

"कुठल्या गावच्या बाया?"

शेठनं गावांची नावं सांगायला सुरुवात केली. एकेका नावासरशी द्वारकाबाईंचा चेहरा उतरत गेला. ती सगळी मेळाव्यातली गावं होती. त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवणारी.

परत येताना त्या बँकेत गेल्या. तिथला साहेब उलट खूश. म्हणाला, तुमच्या तालुक्यातल्या गटांचे पैसे नुसते पडून आहेत, कर्ज घ्या, काहीतरी धंदा टाका. द्वारकाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "कशाचा धंदा टाकू साहेब? घेणार कोण?" एवढंच म्हणाल्या. त्याच कारणानं दुसरं कुणी कर्ज उचलत नव्हतं. कुणी विहीर खोदली असती, कुणी म्हैस घेतली असती, तर साठवलेला पैसा मजुरी होऊन, पेंड होऊन गावात परत आला असता. तो बँकेतच बसून राहिला.

जीपमध्ये म्हणाल्या, "भाऊजी, मी एकटी वाचवत होते तवा बाकीचं गाव खर्चा करत होतं. त्यांच्या खर्चावर माझी बचत होत होती. आता मीच त्यांना थांबवलं."

त्याच आठवड्यात त्यांनी बैठक बोलावली आणि उभं राहून सांगितलं की नेम सोडा, माझं चुकलं, शिवा, खा, मजूर लावा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कांताबाई म्हणाली, "ताई, आधी हातात होतं तवा वाचवलं. आता हातातच न्हाई, तर खर्चा करू म्हणता?"

"सगळ्या मिळून सुरू केलं की येतंय हातात. एकदमच करावं लागंल."

"अन् मी केला, अन् बाकीच्यांनी न्हाई केला तर? माझंच जाईल ना." कांताबाईचं काही चुकत नव्हतं. तिच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. गोजरबाईंनी तर भंडाऱ्याचं ताट पुढं केलं आणि विचारलं, "देवाला काय सांगायचं, द्वारके? दसरा होऊ दे." बैठक तिथंच संपली.

मग या बाईनं जे केलं ते आठवलं की मला अजून त्यांचा अभिमान वाटतो आणि रडूही येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॉटेलात आल्या, भर बाकड्यांमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आल्याचा करा. अन् इथं बसलेल्या समद्यांना द्या, माझ्याकडून." बसलेले म्हणजे मोजून तीन म्हातारे आणि जीपचा ड्रायव्हर. म्हाताऱ्यांना कपाळी लावलेला भंडारा आठवला आणि त्यांनी हात मागं घेतले. ड्रायव्हर परगावचा होता, तो प्याला. बाई फुंकर मारत, सगळ्या गावाला दिसेल असा, सावकाश चहा प्यायल्या. चांगला झालाय, म्हणाल्या. मी इतकी वर्षं त्या वाक्याची वाट बघत होतो, आणि ते ऐकून मला नको नको झालं.

तिथून त्या कासारणीकडं गेल्या आणि हातभर बांगड्या भरल्या. आपल्या शेताच्या तुकड्यात काम नसताना नंदाबाईला दोन दिवस मजुरीनं लावलं. फीसाठी ठेवलेले पैसे होते ते. गावाला दिसावं, कुणीतरी मागं यावं, एवढीच आशा.

कुणी आलं नाही. नंदाबाईनं मिळालेली मजुरी तशीच नेऊन गटात थकलेला हप्ता भरला. कासारणीनं पैसे पदराच्या गाठीला बांधले ते बांधलेच. एका बाईनं खर्च केला आणि तो पहिल्याच घरात जिरला. वर द्वारकाबाईंनी देवाचा शब्द मोडला म्हणून त्यांच्या दाराशी जाणं बायकांनी बंद केलं. कडूबा मेंढरं घेऊन परत आला, त्यानं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच बायकोवर ओरडला नाही, म्हणजे त्यालाही कळलं असावं की आता ओरडण्यासारखं काही उरलेलं नाही.

फीची मुदत पावसाळ्यात होती, ती चुकली. तृप्ती घरी आली ती ट्रंक घेऊनच आली. कॉलेजनं पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं होतं. जीपमधून उतरली, माझ्या बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "काका, आईला काही बोलू नका हं. ती आधीच लई बोलून राह्यलीय स्वतःला." मी चहा ठेवला. तिनं तो घेतला नाही, आईचीच लेक.

दसरा आला. देवळात तिन्ही गट जमले. गोजरबाईंनी सगळ्यांच्या कपाळाला पुन्हा हळद लावून नेम सोडवला आणि वर्षाची बचत वाटायला काढली. दरवर्षी दसऱ्याला वाटप होतं आणि त्या पैशातून कापड येतं, भांडी येतात. या वेळी प्रत्येकीच्या हातात मागच्या दसऱ्यापेक्षा कमी पडलं. वर्षभर पोटाला चिमटा घेतलेल्या बायका हातातल्या नोटांकडं बघत होत्या.

"पैसा गेला कुठं?" गोजरबाईंनी विचारलं. "वर्षभर कुणी काही घेतलं न्हाई. मंग खाल्ला कुणी?"

सगळ्यांचे डोळे द्वारकाबाईंकडं वळले. बँकेत जायच्या त्याच, नेम मोडला तो त्यांनीच, हातात बांगड्याही त्यांच्याच. बँकेचं पासबुक त्यांनी समोर ठेवलं, तृप्तीनं एकेक भरणा मोठ्यानं वाचला. एक रुपया इकडचा तिकडं नव्हता. तरी डोळे वळलेलेच.

"कुणी खाल्ला न्हाई आत्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "तो आलाच न्हाई. आपण एकमेकींना दिला न्हाई, म्हणून आपल्याकडं आला न्हाई."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की ती खरं बोलतेय. पण मी गल्ल्यावाला राधाकिसन, माझं कोण ऐकणार होतं?

दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर फाट्यावर थांबला. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं निघालेला, वर पाच-सहा घरांचा संसार, पत्रे, चुली, पोरं. त्यात खडकवाडीतून यंदा पहिल्यांदाच तोडीला चाललेली माणसं होती. नंदाबाई होती. आणि द्वारकाबाई होत्या, सोबत तृप्ती. मायलेकी मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. शिलाई मशीन पोत्यात गुंडाळून कडूबाच्या ताब्यात, तो मेंढरांपाशी राहणार होता. कॉलेजच्या दोन वर्षांच्या सुयांनी आणि पट्ट्यांनी तयार झालेले ते हात आता उसाची मोळी बांधणार होते. मला त्या पोरीकडं बघवेना.

मी दोन चहा घेऊन ट्रॅक्टरपाशी गेलो. "वहिनी, माझ्याकडून. जाताना नाही म्हणू नका."

त्यांनी दोन्ही कप घेतले, एक तृप्तीला दिला. मग कनवटीची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"अहो, फुकट देतोय म्हटलं ना."

"फुकट नको भाऊजी. घ्या. पण डब्यात ठेवू नका. आजच्या आज कुणाला तरी द्या."

ट्रॅक्टर हलला. मी तसाच कांताबाईच्या दारात गेलो आणि त्या नोटेचं नेहमीपेक्षा जास्त दूध घेतलं. कांताबाईनं नोट हातात घेऊन उलटीपालटी केली. दुपारी एक जीप आली, त्यातलं कुणी उतरलं नाही. दिवस मावळेपर्यंत मी भट्टी विझू दिली नाही, आणि रात्री ते सगळं दूध नासलं.